येत असलेलं उत्तर चुकतंय : मॅनेजमेंटच्या पेपरातले 'नॉट' आणि 'एक्सेप्ट'

कोयनाकाठ | रविवार, रात्री १०.५२

मी एका विनाअनुदानित एमबीए कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. नेट झाली तर पुढचं काही बोलता येईल, म्हणून दुसऱ्यांदा मॅनेजमेंट विषय घेऊन बसते आहे. आज घरी सराव पेपर सोडवला. पेपर दोनचे १०० प्रश्न, त्यातले 'यापैकी कोणते नाही' छापाचे १४. त्या १४ पैकी ६ चुकले. बाकीच्या ८६ मधेही चुकले, पण ते न येणारे होते. त्यांचं दुःख नाही.

दुःख ह्याचं आहे. प्रश्न होता, फेयॉलच्या चौदा तत्त्वांत खालीलपैकी कोणतं येत नाही. पर्याय : १) युनिटी ऑफ कमांड २) स्केलर चेन ३) फंक्शनल फोरमनशिप ४) एस्प्री द कोर. मी पर्याय १ वर टिचकी मारून पुढे गेले. हाच धडा गेल्या आठवड्यात मी वर्गात शिकवला आहे! फंक्शनल फोरमनशिप टेलरची, एका कामगारावर आठ मुकादम, आणि म्हणूनच ती युनिटी ऑफ कमांडच्या विरुद्ध जाते, हे फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं.

'नॉट' मला दिसला नव्हता असंही नाही. दिसला होता. पर्यायांवर येईपर्यंत गळून पडला. हे कुणाला होतं का? आणि 'नीट वाच' सोडून दुसरं काही सांगता येईल का? 'नीट वाच' आई रोज सांगते.

---

पोहे_कमी_तिखट | रविवार, रात्री ११.१०

ताई, टेन्शन नको. नेटला निगेटिव्ह नाहीच आहे. १५० च्या १५० ठोकून यायचे. माझ्या मावसभावाने शेवटच्या वीस मिनिटांत ३० प्रश्न अंदाजाने मारले होते.

---

कोयनाकाठ | रविवार, रात्री ११.१४

अहो, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणत मी. प्रश्नच नकारार्थी असतो, तो. 😅

---

पोहे_कमी_तिखट | रविवार, रात्री ११.१५

म्हणजे मीही प्रश्न उलटाच वाचला. धाग्याला शोभेसं झालं.

---

खडूची_भुकटी | सोमवार, सकाळी ६.३५

कोयनाकाठ, तुमच्या फेयॉलच्या प्रश्नात काय घडलं ते सांगतो. मी बत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं विद्यापीठाचे पेपर काढले, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

शंभरातल्या ८५-९० प्रश्नांत ओळखीचा, खरा पर्याय दिसला की तोच उत्तर असतो. दोन तास हाताला तीच सवय लागते. मग नकारार्थी प्रश्न येतो आणि पहिलाच पर्याय 'युनिटी ऑफ कमांड'. फेयॉल म्हटलं की सगळ्यात आधी आठवणारं नाव. ओळख पटते आणि हात जातो. म्हणजे ज्याला विषय येतो तोच इथे जास्त फसतो. ज्याला काहीच येत नाही त्याला चारही पर्याय सारखेच अनोळखी, तो बिचारा चारदा वाचतो.

आणि पेपर काढणारे असे प्रश्न का काढतात? विद्यार्थ्याची परीक्षा पाहायला म्हणून नव्हे, आळस म्हणून. खरं एक आणि पटण्याजोगी खोटी तीन उत्तरं तयार करायला मेहनत लागते. 'नॉट' घातलं की पुस्तकातल्या यादीतले तीन मुद्दे जसेच्या तसे उचलायचे आणि चौथा शेजारच्या प्रकरणातून आणायचा. पाच मिनिटांत प्रश्न तयार. मीही केलं आहे, लपवत नाही. म्हणून मॅनेजमेंटमधे हे प्रश्न याद्यांवरच येतात. फेयॉलची तत्त्वं, मिन्ट्झबर्गच्या दहा भूमिका, हर्झबर्गचे घटक, पोर्टरची पाच बलं. चौथा पर्याय बहुतेक वेळा शेजारच्याच विचारवंताकडचा असतो, फेयॉलमधे टेलर, टेलरमधे फेयॉल.

उपाय एकच सांगतो. प्रश्नाचं उत्तर शोधायचं नाही. प्रत्येक पर्याय सुटा घेऊन एवढंच विचारायचं : 'हे फेयॉलचं आहे का?' होय, होय, नाही, होय. कच्च्या कागदावर १ २ ३ ४ लिहून समोर हो-ना करायचं. संगणकावरच्या परीक्षेतही कच्चा कागद मिळतो. मग वेगळा पडलेला उचलायचा. 'नॉट' डोक्यात धरून ठेवावाच लागत नाही, कारण पर्याय तपासताना तो वापरलेलाच नसतो.

---

कोयनाकाठ | सोमवार, सकाळी ८.०५

सर, हे बरंच पटलं. पण माझ्या सहामधे सगळे वाचनाचेच चुकले असं कसं ओळखायचं? एक मिन्ट्झबर्गचाही होता.

---

खडूची_भुकटी | सोमवार, सकाळी ८.४०

सोपं आहे. उत्तरपत्रिका घ्या आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नात तुम्ही लावलेला पर्याय पाहा. तो यादीत आहे हे तुम्हाला आत्ता, पुस्तक न उघडता माहीत आहे का? असेल तर चूक वाचनाची. 'अरे, हा यादीत आहे होय!' असं वाटलं तर चूक अभ्यासाची. दोन्ही एकाच औषधाने बऱ्या होत नाहीत.

---

गणिती_गोंधळ | सोमवार, दुपारी १.२०

मी इंजिनिअर, नंतर एमबीए. माझी पद्धत जलद आहे. नकार मोजायचे. एक नकार असेल तर उलटं, दोन असतील तर खोडून टाकायचे. उणे गुणिले उणे अधिक.

उदा. 'हर्झबर्गच्या मते खालीलपैकी एक सोडून कोणत्याही गोष्टीमुळे कामात समाधान मिळत नाही. तो एक कोणता? पगार, कंपनीचं धोरण, कामाची दाद, देखरेख.' 'सोडून' आणि 'नाही', दोन नकार. खोडा. उरलं 'कशामुळे समाधान मिळतं?' दाद. तीन सेकंद. हो-ना लिहीत बसायला वेळ कुणाला आहे? १५० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे आहेत.

---

खडूची_भुकटी | सोमवार, दुपारी ३.५५

गोंधळराव, ह्या प्रश्नात तुमचं उत्तर बरोबर आहे. पण उदाहरणाला तुम्ही नेमका हर्झबर्ग निवडलात, आणि तुमची पद्धत तिथेच आपटते.

हा घ्या दुसरा प्रश्न, असाच विचारला जातो : 'हर्झबर्गच्या मते पुढील सर्व गोष्टींच्या अभावामुळे असमाधान निर्माण होतं, एक सोडून.' पर्याय तेच. आता मोजा नकार. 'अभाव' एक, 'असमाधान' दोन, 'सोडून' तीन. दोन खोडले, एक उरला. काय उरलं आणि नेमकं कुठे उरलं, सांगा. कुणी 'असमाधान'मधला 'अ' आणि 'सोडून' खोडेल, त्याच्या हाती 'कशाच्या अभावाने समाधान मिळतं' असं वेडगळ वाक्य येईल. कुणी 'अभाव' आणि 'असमाधान' खोडेल, तर 'सगळ्यांमुळे समाधान मिळतं, एक सोडून' असं होईल आणि तो पगार नाहीतर देखरेख लावून येईल.

हर्झबर्गचं सगळं म्हणणंच हे आहे की समाधानाच्या उलट असमाधान नाही. समाधानाच्या उलट 'समाधान नसणं', आणि असमाधानाच्या उलट 'असमाधान नसणं'. दोन वेगळ्या पट्ट्या. पगार, धोरण, देखरेख नीट नसेल तर माणूस कुरकुरतो. नीट केलं तर कुरकुर थांबते, पण तो खूष होतोच असं नाही. दाद, जबाबदारी, खुद्द काम, ह्यांनी माणूस खूष होतो. ती नसतील तर तो नाराज असतो असं नव्हे, नुसता थंड असतो. 'अ' खोडला की तुम्ही १९५९ चा सिद्धांतच खोडला.

म्हणून मी काय करतो? 'सोडून', 'एक्सेप्ट' ही प्रश्नाची सूचना. ती बाजूला काढायची. उरलेलं वाक्य, त्यातले 'न', 'अ', 'अभाव' सगळे जागच्या जागी ठेवून, प्रत्येक पर्यायासह मोठ्याने (परीक्षेत मनात) म्हणायचं :

पगाराच्या अभावामुळे असमाधान निर्माण होतं. खरं.
धोरणाच्या अभावामुळे असमाधान निर्माण होतं. खरं.
दाद न मिळाल्यामुळे असमाधान निर्माण होतं. हर्झबर्गच्या मते नाही.
देखरेखीच्या अभावामुळे असमाधान निर्माण होतं. खरं.

तिसरा. एकही नकार खोडावा लागला नाही.

---

गणिती_गोंधळ | सोमवार, सायंकाळी ५.०२

मान्य. पण प्रत्यक्षात दाद मिळाली नाही तर माणूस नाराज होतोच की. मी होतो. गेल्या अप्रेझलला झालो.

---

खडूची_भुकटी | सोमवार, सायंकाळी ५.३०

हा आक्षेप हर्झबर्गवर त्याच्या हयातीतच घेतला गेला होता. पण प्रश्नात 'हर्झबर्गच्या मते' आहे, 'गोंधळरावांच्या मते' नाही.

---

बारावी_ब | सोमवार, रात्री ९.१८

मी ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य संघटन व व्यवस्थापन शिकवते. आमच्याकडे बोर्डाच्या पेपरला 'विसंगत शब्द ओळखा' असतो. तोही ह्याच जातीचा, फक्त त्यात निकष सांगितलेलाच नसतो. मुलं कुठलेही तीन एकीकडे टाकतात.

यंदा घटक चाचणीत दिलं होतं : नियोजन, संघटन, नियंत्रण, शिस्त. एका मुलाने 'शिस्त' लिहिलं. बरोबर! शिस्त हे फेयॉलचं तत्त्व, बाकीची तीन व्यवस्थापनाची कार्यं. मी कौतुकाने कारण विचारलं तर म्हणे, 'मॅडम, बाकीच्यांच्या शेवटी न नाहीतर ण येतो.'

गुण दिले. काय करणार.

---

पोहे_कमी_तिखट | सोमवार, रात्री ९.२५

हा मुलगा पुढे जाणार. 😂

---

वाचनवेडी_सांगली | मंगळवार, सकाळी ७.१०

मी एमपीएससीची तयारी करते, तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे हे प्रकरण अंगाशी येतं. माझा मुद्दा मराठीचा आहे.

इंग्रजीत 'नॉट' मधेच येतो, बऱ्याचदा मोठ्या अक्षरांत. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला. 'खालीलपैकी कोणते शास्त्रीय व्यवस्थापनाचे तत्त्व म्हणून टेलर यांनी मांडलेले नाही?' 'टेलर यांनी मांडले' इथपर्यंत डोळ्यांनी प्रश्न गिळलेला असतो आणि ते पर्यायांकडे उडी मारतात. 'नाही' तिथेच राहतं. मी आता मराठी प्रश्न आधी शेवटून वाचते. शेवटचे दोन शब्द आधी, मग सुरुवात. एक महिना केलं, आता आपोआप होतं.

दुसरं म्हणजे 'योग्य' आणि 'अयोग्य'. एका अक्षराचा फरक, तोही शब्दाच्या सुरुवातीला, जिथे आपण पाहत नाही. तिथे मी 'अ'ला गोल करते.

आणि 'वगळता'चा एक वेगळाच सापळा आहे, तो इथे कुणी सांगितला नाही. हे पाहा :

'पगार वगळता, हर्झबर्ग यांच्या मते पुढीलपैकी कोणता घटक हायजीन घटक आहे? जबाबदारी, यश, कंपनीचे धोरण, बढती.'

मी 'वगळता' पाहिलं, डोक्यात घंटा वाजली, आणि जो हायजीन नाही असा शोधत बसले. तसे तीन निघाले. त्यातला एक ठोकला. पाव गुण गेला. इथे 'वगळता' फक्त पगाराला बाजूला ठेवतंय, प्रश्न सरळ आहे. उत्तर धोरण.

---

खडूची_भुकटी | मंगळवार, सकाळी ७.५०

वाचनवेडी, फार नेमकं पकडलंत. ओळखायची खूण अशी : 'वगळता' कोणाला चिकटलंय ते पाहायचं. प्रश्नात नाव दिलेल्या गोष्टीला चिकटलं असेल ('पगार वगळता'), तर प्रश्न सरळ. रिकाम्या जागेला किंवा 'एक' ह्या शब्दाला चिकटलं असेल ('सर्व, एक वगळता'), तर प्रश्न उलटा.

शिवाय हो-ना लिहिलं असतं तर कागदानेच सांगितलं असतं. ना, ना, हो, ना. 'एक सोडून सर्व' प्रकारात तीन हो आणि एक ना यायला हवेत. तुमच्याकडे एक हो, तीन ना आले, म्हणजे प्रश्न सरळ आहे, तुम्ही उलटा धरलात. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, आकडा आधी पाहा, पर्याय मागून. चार हो आले तर एखादा घटक तुम्ही चुकीच्या यादीत टाकलाय. दोन-दोन आले तर पुन्हा वाचा.

---

कोयनाकाठ | मंगळवार, रात्री १०.२०

सर, सहाही प्रश्न तपासले. चार वाचनाचे, दोन अभ्यासाचे.

अभ्यासाचा एक, मिन्ट्झबर्ग. 'पुढील सर्व इंटरपर्सनल भूमिका आहेत, एक सोडून : फिगरहेड, लिएझाँ, स्पोक्सपर्सन, लीडर.' मी हो-ना करून पाहिलं. हो, ना, हो, हो. तीन-एक! आकडा अगदी तुम्ही म्हणता तसा. लिएझाँ लावलं. चूक. लिएझाँ इंटरपर्सनल निघाली आणि स्पोक्सपर्सन इन्फर्मेशनल. म्हणजे दोन चुका करून मी बरोबर आकड्यावर पोचले.

---

खडूची_भुकटी | बुधवार, सकाळी ६.२०

बरोबर, आकड्याची मर्यादा तीच. तो वाचनाची चूक पकडतो, समजुतीची नाही.

मिन्ट्झबर्गचं लक्षात ठेवायला नावाचा अर्थ सोडा, काय हलतंय ते पाहा. लिएझाँ बाहेरच्या लोकांशी संबंध जोडतो, ओळखीचं जाळं विणतो. स्पोक्सपर्सन बाहेरच्यांना माहिती देतो. मॉनिटर माहिती गोळा करतो, डिसेमिनेटर ती आतल्या लोकांत पसरवतो. ह्या तिघांत हलते ती माहिती. बोलतो म्हणून स्पोक्सपर्सन इंटरपर्सनल, असं सगळ्यांनाच वाटतं, म्हणून पेपरवाले तोच टाकतात.

वाचनाच्या चारांपैकी एखादा जोड्यांचा होता का? ए, बी, सी, डी, ई अशी विधानं देऊन?

---

कोयनाकाठ | बुधवार, सकाळी ८.१५

दोन होते! तुम्हाला कसं कळलं? एक टाकते.

'पुढीलपैकी कोणत्या भूमिका इंटरपर्सनल नाहीत?
ए. लिएझाँ, बी. मॉनिटर, सी. फिगरहेड, डी. स्पोक्सपर्सन, ई. डिसेमिनेटर.
१) फक्त ए आणि सी
२) फक्त बी, डी आणि ई
३) फक्त ए, सी आणि डी
४) फक्त बी आणि ई'

मी १ लावलं होतं.

---

खडूची_भुकटी | बुधवार, दुपारी १२.४०

हे पर्याय नीट पाहा, कारण उलटं उत्तर लावायची खरी जागा ही आहे. साध्या 'एक सोडून'मधे उलटं असं एक उत्तर नसतंच, तीन चुकीची असतात. इथे मात्र तुमच्या उत्तराची हुबेहूब उलटी प्रतिमा पर्यायांत बसवलेली असते.

१ आणि २ ही एक जोडी. एकात इंटरपर्सनल, दुसऱ्यात उरलेल्या. पाच अक्षरं दोघांत वाटून टाकली आहेत. ३ आणि ४ ही दुसरी जोडी, तिथेही पाच अक्षरं वाटलेली, फक्त डी म्हणजे स्पोक्सपर्सन पलीकडे गेला. म्हणजे स्पोक्सपर्सन कुठला हे ज्याला माहीत आहे तो पहिल्या जोडीत पोचतो, ज्याला नाही तो दुसरीत. आणि जोडीतला कुठला उचलायचा हे विषय ठरवत नाही, एकटा 'नॉट' ठरवतो. तुम्ही बरोबर जोडीत पोचून चुकीचा अर्धा उचललात. उत्तर २.

इथे तीन-एकचा आकडा कामाचा नाही, कारण किती हो यायचे ते ठरलेलं नसतं. मग काय करायचं? पर्याय हाताने झाका. खरंच, तळहात स्क्रीनवर ठेवला तरी चालेल. कागदावर आधी विचारलेला शब्द लिहा : 'इंटरपर्सनल नाहीत'. त्यापुढे अक्षरं, बी डी ई. मग हात काढा आणि लिहिलेलं शोधा. नुसती 'ए सी' अशी आपल्याला माहीत असलेली अक्षरं लिहून ठेवली की पर्याय उघडल्यावर 'ए सी' समोरच दिसतं, आणि कोणाचं 'ए सी' हे विसरलेलं असतं.

---

गणिती_गोंधळ | बुधवार, दुपारी २.०५

मान गये. मी ह्यात दोनदा पडलो आहे, आणि दोन्ही वेळा मला वाटलं होतं की उत्तरतालिका चुकली.

थिअरी एक्सचं पण सांगा. 'मॅकग्रेगरच्या थिअरी एक्सची गृहीतकं, एक सोडून' : लोकांना काम आवडत नाही, लोक जबाबदारी टाळतात, लोक ध्येय पटलं की स्वतःहून झटतात, धाक दाखवावाच लागतो. इथे पर्यायच सगळे नकाराने भरलेले. मला नेहमी वाटतं, प्रश्न नकाराचा म्हणजे उत्तर 'आवडत नाही'वालंच असणार.

---

बारावी_ब | बुधवार, रात्री ८.३०

आमच्या मुलांचंही हेच होतं. प्रश्नातलं 'नाही' आणि पर्यायातलं 'नाही' एकमेकांना ओढून घेतात. मी वर्गात थिअरी एक्सला एका साहेबाच्या तोंडी देते. 'अहो, ह्यांना काम नकोच असतं!' हा साहेब असं म्हणेल का? म्हणेल. 'धाक हवाच!' म्हणेल. 'ध्येय पटलं तर आपणहून करतील.' हा साहेब? छे! मग तोच पर्याय. पर्यायातल्या 'नाही'शी मुलांना काही करावंच लागत नाही, ते साहेबाचं बोलणं म्हणून तसंच राहतं.

---

मस्कतहून_मी | गुरुवार, सकाळी १०.१०

इकडे प्रकल्प व्यवस्थापनाची परीक्षा देतोय, त्यातून एक उलटं उदाहरण. 'नॉट' नाही, 'लीस्ट'. सरावसंचातला प्रश्न : निर्णय तातडीने घ्यायचा आहे, तेव्हा मतभेद सोडवायची सर्वांत कमी योग्य पद्धत कोणती? कॉम्पीटिंग, कोलॅबोरेटिंग, अकोमोडेटिंग, अव्हॉइडिंग. मी सरांची हो-ना पद्धत लावली. हो, ना, हो, ना. दोन-दोन. अडकलो. मी अव्हॉइडिंग लावलं, तालिकेत कोलॅबोरेटिंग.

माझं म्हणणं, टाळल्याने तातडीचा निर्णय होणारच नाही. मग कमी योग्य तेच ना?

---

खडूची_भुकटी | गुरुवार, दुपारी ४.२५

'लीस्ट'ला हो-ना चालत नाही. तिथे क्रम लावायचा, सर्वांत योग्य ते सर्वांत अयोग्य, आणि शेवटचा उचलायचा. अनुक्रमांकच लिहा, १ ते ४.

तुमच्या प्रश्नात तालिकेचा विचार असा असावा : कोलॅबोरेटिंगला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, आणि प्रश्नाचा सगळा भर 'तातडीने'वर आहे. पाठ्यपुस्तकात घाईला कॉम्पीटिंग आणि निवांतपणाला कोलॅबोरेटिंग अशी विरुद्ध टोकं मांडलेली असतात.

---

मस्कतहून_मी | गुरुवार, सायंकाळी ६.०२

पाठ्यपुस्तक ठीक आहे, पण साइटवर काँक्रीटची गाडी उभी असताना कुणी टाळाटाळ केली तर मी त्याला घरी पाठवीन. कोलॅबोरेट करणाऱ्याला नाही पाठवणार.

---

गणिती_गोंधळ | गुरुवार, सायंकाळी ६.४०

मस्कतकर +१. सर, हा तुमचा मुद्दा पटला नाही.

---

खडूची_भुकटी | गुरुवार, रात्री ९.००

मलाही फारसा पटलेला नाही. तालिका कशी विचार करते तेवढंच सांगितलं.

---

वाचनवेडी_सांगली | शुक्रवार, सकाळी ७.३०

एक वेगळा प्रश्न. आमच्या अभ्यासिकेतला एक मुलगा सगळे नकारार्थी प्रश्न 'नंतर बघू' म्हणून खुणा करून ठेवतो आणि शेवटी एकत्र सोडवतो. म्हणे एकदा डोकं उलटं फिरवलं की उलटंच ठेवायचं. मी करून पाहिलं, बरं वाटलं, पण शेवटी वेळ कमी पडला आणि चार प्रश्न बघायचे राहिले. कुणाचा अनुभव?

---

कोयनाकाठ | शुक्रवार, रात्री ११.०५

मी काल तसं केलं. अकरा प्रश्न शेवटी ठेवले. पहिले सहा-सात छान गेले. मग उलट्याचीच सवय लागली, आणि त्यांच्यात चुकून आलेला एक सरळ प्रश्न उलटा सोडवला. 🤦‍♀️ त्यामुळे आता जागच्या जागीच सोडवते, हो-ना लिहून. कालच्या पेपरात त्या अकरापैकी दोन चुकले. एक तो सरळ प्रश्न, वाचनाचा.

दुसऱ्यावर मात्र अडले आहे. 'पोर्टरच्या पाच बलांत पुढील सर्व येतात, एक सोडून : १) विद्यमान स्पर्धकांतील चुरस २) पर्यायी उत्पादनांचा धोका ३) कॉम्प्लिमेंटर्स ४) सरकार.' हो, हो, ना, ना. दोन-दोन. तीनदा वाचलं, 'नॉट' जागेवर आहे, 'वगळता' कुणाला चिकटलेलं नाही.

---

खडूची_भुकटी | शनिवार, सकाळी ६.१५

तुमचं वाचन बरोबर आहे, प्रश्न चुकला आहे. १९७९ च्या मांडणीत दोन्ही नाहीत. उरलेली तीन बलं म्हणजे नवे स्पर्धक, पुरवठादार आणि ग्राहक. कॉम्प्लिमेंटर्सना सहावं बल म्हणायची टूम नंतर दुसऱ्यांनी काढली, आणि २००८ मधे पोर्टरने पुन्हा लिहिलं तेव्हा सरकार आणि पूरक उत्पादनं ही दोन्ही बलं नव्हेत, बलांवर परिणाम करणारे घटक आहेत, असं स्पष्टच म्हटलं. दोन-दोन आले आणि दोन्ही 'ना' बद्दल खात्री असेल तर प्रश्नच चुकलाय असं समजायला हरकत नाही. खऱ्या परीक्षेत हंगामी तालिका लागल्यावर शुल्क भरून हरकत घेता येते. सरावसंचाला काय, सोडून द्या.

---

पोहे_कमी_तिखट | शनिवार, सकाळी ९.४०

तरी पण, हरकत नंतर. त्या क्षणी ३ लावायचं की ४?

---

कोयनाकाठ | शनिवार, सकाळी ९.५८

मी ३ लावलं होतं. तालिकेत ४ आहे.

---

मस्कतहून_मी | शनिवार, सकाळी १०.१२

मी ४ लावलं असतं. कॉम्प्लिमेंटर्स निदान कुणीतरी सहावं बल म्हणून मोजतं.

---

गणिती_गोंधळ | शनिवार, सकाळी १०.२०

आमच्या प्राध्यापकांनी सहावं बल म्हणून सरकार शिकवलं होतं. मी ३.